नव्या दुकानासाठी किंवा घरासाठी दहा मिनिटांचं वाचन आणि आशीर्वाद

नवी जागा उघडताना घरातली दहा-बारा माणसं जमतात. कुणीतरी म्हणतं, "दोन शब्द बोला ना." मग सगळ्यांचे डोळे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे वळतात आणि ते माणूस "भरभराट होवो, सुखसमृद्धी नांदो" एवढं बोलून थांबतं. मनात खूप असतं, पण ऐन वेळी तेवढंच सुचतं. हा लेख त्या "दोन शब्दां"ची आधी तयारी कशी करायची, यासाठी आहे. पूजा किंवा अन्य धार्मिक विधी ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे होतील. इथे बोलायचं आहे ते घरच्याच माणसाने घरच्यांसमोर करायच्या छोट्या वाचनाबद्दल.

गेल्या काही वर्षांत आमच्या कुटुंबात असं वाचन करायचं काम माझ्याकडे आलं आहे. पुढे भाचीच्या दुकानाचं उदाहरण घेतलं आहे. कपडे दुरुस्त करून देण्याचं, उसवलेलं शिवून देण्याचं, मापात बसवून देण्याचं तिचं लहानसं दुकान. त्या सकाळी आम्ही अकरा जण होतो.

आधी वेळ ठरवा

नव्या जागेत बसायला सहसा काही नसतं, म्हणजे माणसं उभी असणार. उभ्या माणसांचं लक्ष दहा मिनिटं टिकतं. त्यानंतर मुलं चुळबुळ करतात आणि आजी भिंतीला टेकायला जागा शोधतात. त्या दहा मिनिटांत स्वागताचं एक मिनिट, निवडलेलं वाचन दोन-तीन मिनिटं, स्वतः लिहिलेला आशीर्वाद दोन-तीन मिनिटं, थोडी शांतता आणि शेवटी एखादी छोटी कृती, एवढं नीट बसतं.

घड्याळ लावून पाहिलं, तर सावकाश, ओळीओळीला थांबत वाचताना माझे मिनिटाला साधारण 80 ते 90 शब्द होतात. त्यामुळे आशीर्वाद 100 ते 150 शब्दांचा पुरतो. कागदावर तो फार छोटा दिसतो आणि वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. आधी एकदा उभं राहून, मोठ्याने, घड्याळ समोर ठेवून वाचा. मनातल्या मनात वाचलेल्या वेळेवर भरवसा ठेवू नका, ती निम्मीच भरते.

वाचन कोणतं निवडायचं

स्वतःच्या शब्दांआधी एखादं जुनं, अनेकांच्या तोंडून गेलेलं वाचन ठेवलं की माणसं शांत होतात. एकच ठेवा. दोन ठेवली की पहिलं विसरलं जातं.

घरासाठी माझी पहिली पसंती ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या 54 व्या सूक्ताला आहे. ते जेमतेम तीन ऋचांचं आहे आणि वास्तोष्पतीला, म्हणजे वास्तूच्या स्वामीला उद्देशून आहे. सुरुवातीलाच ते म्हणतं, "प्रति जानीह्यस्मान्", आम्हाला ओळख. नव्या घरात पाऊल टाकणाऱ्याच्या मनातली गोष्ट हीच असते. भिंती अनोळखी असतात आणि आपणही त्यांना अनोळखी असतो. पुढे मागणं येतं की आमचा प्रवेश सुखाचा होवो, रोगराई दूर राहो, आणि "शं नो भव द्विपदे शं चतुष्पदे", दोन पायांच्यांचं आणि चार पायांच्यांचंही भलं होवो. घरात कुत्रं-मांजर असेल तर या ओळीला मुलांचे चेहरे बघा.

दुकानासाठी अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात पंधरावं सूक्त आहे. ते व्यापारासाठीच केलेलं आहे आणि त्यात इंद्राला चक्क वणिज, म्हणजे व्यापारी म्हटलं आहे. चौथ्या ऋचेत "शुनं नो अस्तु प्रपणो विक्रयश्च" अशी मागणी येते: आमचा सौदा आणि आमची विक्री शुभ होवो. पाचवीत तर दुकानदाराचं मन उघडं केलं आहे. ज्या धनाने मी व्यवहार करतो, ते वाढो, कमी न होवो. आठही ऋचा वाचायची गरज नाही, या दोन पुरतात.

संस्कृत वाचणाऱ्याला एक सूचना. वैदिक स्वर कुणी शिकलेलं नसेल, तर ऋचा ओढूनताणून म्हणण्यापेक्षा एकच ओळ साध्या उच्चारात वाचा आणि बाकी मराठी अर्थ वाचा. अडखळत म्हटलेल्या मंत्रात ऐकणाऱ्यांचा जीव वाचणाऱ्यात अडकतो आणि अर्थ बाजूलाच राहतो.

ख्रिस्ती कुटुंबात, किंवा जिथे दोन धर्मांची माणसं एकत्र आहेत तिथे, बायबलमधलं 121 वं स्तोत्र फार चांगलं बसतं. त्याची आठच वचनं आहेत आणि शेवटचं वचन सांगतं की तुझं जाणं आणि येणं देव सांभाळील, आतापासून सदासर्वकाळ. उंबऱ्यावर उभं राहून वाचायला याहून नेमकं वचन मला माहीत नाही.

आणि पसायदान? ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या या नऊ ओव्या आपल्याकडे बहुतेकांना पाठ असतात. त्यात स्वतःसाठी वेगळं असं काही मागितलेलं नाही, "जो जे वांछील तो ते लाहो" हे साऱ्यांसाठी आहे. म्हणूनच ते कुठल्याही नव्या जागेत शोभतं. मात्र एक गोष्ट आधी ठरवा: म्हणायचं की वाचायचं? तुम्ही वाचायला लागलात आणि निम्म्या लोकांनी चालीत धरलं, तर दोन्ही फसतं. म्हणायचं असेल तर सर्वांनी मिळून म्हणा, आणि मधून तोडू नका. नऊच्या नऊ ओव्या घ्या.

भाचीने अथर्ववेदातल्या दोन ऋचांचा मराठी अर्थ निवडला. घरात कुणाला संस्कृत येत नव्हतं, म्हणून संस्कृतातली एकच ओळ ठेवली.

आशीर्वाद लिहिण्याआधी पाच प्रश्न

भाचीने पहिल्यांदा लिहून आणलं ते असं होतं: "या दुकानाची उत्तरोत्तर प्रगती होवो, यशाची शिखरं गाठली जावोत, सर्वांना सुख-शांती लाभो." मी तिला एवढंच विचारलं की यातली कुठली ओळ औषधांच्या दुकानात चालणार नाही? सगळ्याच चालल्या असत्या. तिथेच तो मसुदा बाजूला ठेवला आणि चहाच्या वेळी बसून मी पाच प्रश्न विचारले. उत्तरं तिच्याच शब्दांत लिहून घेतली.

या दारातून कोण येणार? ती म्हणाली, "फाटलेलं घेऊन येणारी माणसं. पिशवीतून काढताना त्यांना जरा लाजच वाटते." इथे हातांनी काय घडणार? माप, कापणं, शिवण, आणि दिलेल्या दिवशी काम तयार ठेवणं. भीती कशाची वाटते? रिकाम्या महिन्यांची, आणि डोळ्यांची. आज इथे असायला हवं होतं असं कोण नाही? हे विचारल्यावर ती जरा गप्प झाली. तिचं शिलाई मशीन तिच्या सासूबाईंचं, आणि त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटचा प्रश्न होता, ही जागा कुणाच्या कष्टाने उभी राहिली? गवंडी, वायरिंग करणारा, रंग देणारा.

या पाच उत्तरांतून आशीर्वादाची पाच कडवी आपोआप निघतात. घर असो, दुकान असो, प्रश्न हेच राहू द्या.

"होवो", "राहो", "लाभो": क्रियापदाकडे लक्ष द्या

मराठीत आशीर्वादाचं सगळं बळ क्रियापदाच्या शेवटच्या 'ओ'मध्ये आहे. येवो, नांदो, मिळो, असो. अनेकवचनात 'ओत': पाहुणे येवोत, डोळे निरोगी राहोत. घाईत लिहिताना "डोळे निरोगी राहो" असं होऊन जातं, आणि कागदावर न दिसलेली ही चूक मोठ्याने वाचल्यावर मात्र सगळ्यांना ऐकू येते. म्हणून प्रत्येक ओळीचा कर्ता शोधा आणि वचन जुळवून घ्या.

दुसरी अडचण एकसुरीपणाची. सलग आठ ओळी 'ओ'वर संपल्या की कान सुन्न होतात. प्रत्येक कडव्यात एखादी ओळ साधं विधान म्हणून ठेवा: "हे दार आज पहिल्यांदा उघडलं." त्या ओळीवर कान टेकतो आणि पुढच्या 'होवो'ला जोर येतो.

तिसरं, आशीर्वाद कुणाला उद्देशून आहे ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. पहिल्या कडव्यात "हे देवा", दुसऱ्यात "प्रिय ताई", तिसऱ्यात "या वास्तूला", असं झालं की ऐकणारा हरवतो. कुटुंबात श्रद्धा वेगवेगळ्या असतील, तर जागेबद्दलच बोला: हे दार, हे टेबल, ही खिडकी. कुणालाच परकं वाटत नाही.

वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, असं आपल्याकडची मोठी माणसं सांगतात. त्यामुळे चोरी, आग, आजार, कर्ज यांची यादी "न होवो" लावूनही वाचू नका, कारण कानावर तेच शब्द पडत राहतात. पण भीती पूर्ण गाळलेला आशीर्वादही खोटा वाटतो. मी एकच खरी भीती घेते आणि तिच्या समोरचं बळ मागते. "धंदा मंदावू नये" याऐवजी "रिकाम्या दिवशी मनाला धीर राहो."

तयार झालेला आशीर्वाद

हे दार आज पहिल्यांदा उघडलं.
जो येईल, तो निर्धास्त मनाने आत येवो.
फाटलेलं घेऊन येणाऱ्याला इथे संकोच न वाटो.
*सगळे:* असंच होवो.

या टेबलावर माप खरं राहो.
दिलेला दिवस पाळला जावो.
चूक झाली, तर ती आधी आमच्याच तोंडून कळो.
*सगळे:* असंच होवो.

हे मशीन ज्यांनी इतकी वर्षं चालवलं, त्या आज इथे नाहीत.
त्यांच्या हातची सफाई या हातांना लाभो.
सुईवर वाकलेले डोळे निरोगी राहोत.
*सगळे:* असंच होवो.

गर्दीच्या दिवशी जिभेवर गोडवा राहो.
रिकाम्या दिवशी मनाला धीर राहो.
संध्याकाळी कुलूप लावताना हिशेब स्वच्छ असो.
*सगळे:* असंच होवो.

ज्यांनी भिंती बांधल्या, वायरी ओढल्या, रंग दिला,
त्यांच्याही घरी सुख नांदो.
शेजारच्या दुकानांतही उजेड राहो.
*सगळे:* असंच होवो.

आता पहिली शिवण पडू दे.

सगळं मिळून शंभरच्या आसपास शब्द होतात. थांबत वाचलं, सगळ्यांचं "असंच होवो" धरलं, की दोन मिनिटं सहज लागतात. तिसऱ्या कडव्यात नाव घेतलं नाही, कारण तिथे असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. गेलेल्या माणसाची ओळ एकच असावी आणि ती मध्यावर असावी. अगदी शेवटी ठेवली तर सगळे डोळे पुसत उभे राहतात आणि समारंभ तिथेच थबकतो.

घरासाठी काय बदलायचं

दुकानाचा आशीर्वाद येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो, घराचा मात्र परत येणाऱ्यासाठी. म्हणून दाराची ओळ वेगळी होते: "बाहेर गेलेला प्रत्येक जण संध्याकाळी या उंबऱ्यावर सुखरूप येवो." माप आणि हिशेबाच्या जागी चूल आणि झोप येतात: "चुलीपाशी कुणी एकटं न राबो. अंथरुणावर पाठ टेकताच झोप लागो." आणि एक ओळ भांडणासाठी हवीच, कारण घर आहे: "शब्दाला शब्द लागला, तर तो त्याच रात्री निवळो." लग्न होऊन नुकतेच वेगळं घर करणारे दोघं असतील, तर ही ओळ त्यांनाच वाचायला द्या.

"असंच होवो" सगळ्यांकडून कसं म्हणवून घ्यायचं

प्रतिसादाची ओळ दोन-तीन शब्दांची आणि दर वेळी तीच हवी. लोकांच्या हातात कागद नसतो. ओळ लांब असली की पहिल्या वेळी कुजबुज होते, दुसऱ्या वेळी शांतता. सुरुवातीच्या स्वागतातच सांगा, "मी थांबून वर पाहिलं की सगळ्यांनी 'असंच होवो' म्हणायचं," आणि एकदा म्हणवून घ्या. त्याआधी एका खणखणीत आवाजाच्या माणसाला बाजूला घेऊन सांगून ठेवा की पहिला आवाज तुमचा. आमच्याकडे हे काम आत्या करतात. पहिल्या कडव्यानंतर एकानेच सुरू केलं, की बाकीचे दहा जण पाठोपाठ येतात. मुलांना तर हेच सर्वात आवडतं.

जागा, उजेड, कागद

नवी खोली रिकामी असते. पडदे नाहीत, गाद्या नाहीत, कपाटं नाहीत. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि भरभर वाचलं तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो. आदल्या दिवशी तिथे उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीची शेपटी ऐकू आली, तर प्रत्येक ओळीनंतर मनात "एक, दोन" मोजून पुढे जा. माणसं आली की आवाज थोडा शोषला जातो, तरी हा थांबा ठेवाच.

भिंतीकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून उभे राहा. दाराकडे पाठ केली, तर उजेड मागून येतो आणि कागदावर स्वतःचीच सावली पडते. बाहेर रस्त्यावर उभं राहून वाचू नका. भाचीची इच्छा होती की बंद शटरसमोर वाचायचं आणि मग शटर वर करायचं. आदल्या दिवशी करून पाहिलं, तेव्हा रहदारीत दुसऱ्या रांगेला काहीच ऐकू येईना. म्हणून आधी शटर उघडलं, सगळ्यांना आत घेतलं आणि मग सुरुवात केली. शटरचा खडखडाट विरेपर्यंत तोंड उघडू नका. पंखा मात्र बंद ठेवा, कागद उडतो आणि आवाजही खातो.

वाचायचं ते कागदावरच. एका घराच्या वेळी मी फोनवरून वाचत होते. तिसऱ्या कडव्यात पडदा काळा झाला, तो उघडेपर्यंत फोन वाजला, आणि आजोबांवरची ओळ कायमची तुटली. पुन्हा जोडता आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून 18 पॉइंटच्या अक्षरात छापते, एका ओळीत एकच वाक्य ठेवते, कडव्यांमध्ये मोकळी जागा सोडते आणि कागद पुठ्ठ्यावर चिकटवते. हात थरथरला तरी पुठ्ठा फडफडत नाही. दुसरी प्रत आत्यांकडे असते. वाचताना माझा गळा दाटला, तर पुढचं कडवं त्या वाचतात. हे आधी ठरलेलं असलं की कुणी गडबडत नाही.

उभं राहणं जड जाणाऱ्यांसाठी दोन-तीन खुर्च्या घरून न्या. दुकानात मध्येच एखादं गिऱ्हाईक आलं, तर त्याला थांबवायला किंवा आत घ्यायला एक माणूस दाराशी असू द्या. भाचीकडे खरंच एक बाई पिशवी घेऊन आल्या. दाराशी असलेल्या माझ्या भावाने हळूच त्यांना आत घेतलं आणि चौथ्या कडव्याला त्यांनीही "असंच होवो" म्हटलं.

शेवट कृतीने करा

शेवटच्या ओळीनंतर काय करायचं हे लोकांना कळलं नाही, तर सगळे एकमेकांकडे बघतात, कुणीतरी टाळ्या वाजवतं आणि झालेलं सगळं भाषणासारखं होऊन जातं. म्हणून शेवटची ओळ पुढच्या कृतीचं नाव घेणारी असावी, आणि ती कृती लगेच, त्याच जागी व्हावी. घरात सर्वात लहान मुलाच्या हातून खोलीतला दिवा लावता येतो, किंवा खिडकी उघडता येते. कृती एकच ठेवा आणि तिचं सामान हाताशी आहे ना, ते सुरुवातीआधी पाहून घ्या.

भाचीने सकाळीच मशीनमध्ये दोरा ओवून ठेवला होता आणि पांढऱ्या कापडाचा एक तुकडा सुईखाली लावून ठेवला होता. "आता पहिली शिवण पडू दे" म्हणून मी कागद खाली घेतला. पंधरा-वीस सेकंद कुणीच बोललं नाही. ती शांतता मी मुद्दाम मोडली नाही. मग ती खुर्चीवर बसली, सासूबाईंच्या मशीनचं चाक हाताने फिरवलं आणि वीतभर सरळ शिवण घातली. ते कापड आणि आशीर्वादाचा पुठ्ठा आता तिच्या कापायच्या टेबलाच्या खणात आहेत.